गाळणीतून नितळ, टाकीत तांबडं : वेंगुर्ल्याकडच्या एका बोअरची गोष्ट

मामांचं घर वेंगुर्ला तालुक्यात, रेडीच्या लोखंडाच्या खाणींपासून फार लांब नाही. वर जांभा, त्याखाली कातळ, आणि जांभा म्हणजे तसंही लोहाने भरलेला दगड, तेव्हा बोअरच्या पाण्यात लोह येणार याचं तिकडे कोणालाच नवल वाटत नाही. बोअर २४० फूट, दीड एचपीची सबमर्सिबल, घरात सहा माणसं आणि मागे दहा-बारा माड. पाण्याचा प्रॉब्लेम जुना होताच, न्हाणीतली फरशी तांबूस, पांढरे कपडे दोन महिन्यांत पिवळट, भात शिजवला की त्याला हलकी झाक. मग मामांनी एका विक्रेत्याकडून आयर्न फिल्टर बसवून घेतला. तेरा इंची व्यासाची, चोपन्न इंच उंचीची एफआरपीची म्हणजे फायबरची टाकी, आत वाळू आणि कसलातरी काळा मीडिया, म्हणजे गाळायचे दाणे, वर दांडा फिरवून पाण्याची वाट बदलणारा सहा पोझिशनचा मल्टिपोर्ट व्हॉल्व. बोअरची लाईन थेट फिल्टरमधे, फिल्टरमधून थेट गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत. महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न.

मी मे महिन्यात गेलो तेव्हा मामींनी एका वाक्यात सगळं निदान सांगितलं होतं, फक्त ते निदान आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. त्या म्हणाल्या, "येताना बरां येता रे, मगे तांबडां होता." विक्रेत्याचं म्हणणं मीडिया संपला, नवीन पोती टाका. तो एकदा टाकूनही गेला होता. पैसे घेऊन अर्थात.

मी फिल्टरच्या आउटलेटवरचा नळ सोडला, स्टीलच्या पेल्यात पाणी घेतलं, एकदम नितळ. बोअरचं पाणी फिल्टरच्या आधी घेतलं, तेही नितळच! तिथे डोक्यात ट्यूब पेटली. ज्या पाण्यात डोळ्याला काही दिसतच नाही त्यातून गाळणी काय गाळणार? जमिनीखाली हवा नसते, तिथे लोह विरघळलेल्या रूपात असतं, मिठासारखं, आणि मिठाचं पाणी वाळूतून कितीही वेळा काढलं तरी खारटच राहतं. हवेतला ऑक्सिजन लागला की तेच लोह गंजून कण बनतं, पाणी आधी पिवळसर मग विटकरी होतं आणि मग खाली बसतं. मामांकडे हे गंजणं फिल्टरच्या पुढे, गच्चीवरच्या टाकीत होत होतं. म्हणजे फिल्टर बिघडलेला नव्हताच, तो चुकीच्या जागी होता.

पण नुसत्या अंदाजावर पाईप कापायला मी तयार नव्हतो म्हणून दोन बाटल्यांचा प्रयोग केला, हा कोणीही घरी करू शकतो. दोन पारदर्शक बाटल्या घ्यायच्या. पहिली बादलीत बुडवून, बोअरच्या पाण्याची नळी बाटलीच्या तळाशी नेऊन, भरून बरंच पाणी बाहेर सांडू द्यायचं आणि पाण्याखालीच झाकण लावायचं, आत एकही बुडबुडा नको. दुसरी अर्धीच भरायची आणि मिनिटभर दणकून हलवायची. दोन्ही सावलीत ठेवून घड्याळ लावायचं. हलवलेली बाटली वीस मिनिटांत फिकट चहासारखी दिसायला लागली, तासाभरात त्यात कापसासारखे तांबडे तुकडे तरंगत होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे तळाला बसून वर पाणी स्वच्छ. बंद बाटली संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी. एवढं दिसलं की वाद संपला, या पाण्याला आधी हवा पाहिजे, मग वेळ पाहिजे, आणि गाळणी सगळ्यात शेवटी.

याच प्रयोगात गाळाचाही हिशोब लागतो. बाटली भरल्याबरोबर जे दहा-पंधरा सेकंदांत तळाला बसतं आणि बोटाला खरखरतं ती वाळू, तिचा लोहाशी संबंध नाही. जे तासन्‌तास गढूळच राहतं ती चिकणमाती. आणि पाणी बाहेर पडतानाच लाल असेल तर एकतर बोअरमधला लोखंडी पाईप गंजलाय किंवा आत लोहावर जगणारे बॅक्टेरिया बसलेत, हे बॅक्टेरिया म्हणजे तपकिरी बुळबुळीत शेवाळासारखा थर, आणि पाण्यावर तेलासारखी रंगीत साय येते पण काडीने टोचली की काचेसारखी तुटते, खरं तेल असेल तर परत जुळून येतं. मामांकडच्या बाटलीत थोडी वाळू होती. मोटर २३० फुटांवर, म्हणजे तळापासून जेमतेम दहा फूट वर टांगलेली, आणि मे महिन्यात पाणी खाली गेलं की ती तळाचा गाळ ओढायची. मेमधेही पाण्याची पातळी कुठे असते ते दोरी सोडून बघितलं, भरपूर वर होती, म्हणून मोटर वीस फूट उचलून घेतली आणि वाळू जवळपास बंद झाली. पातळी न बघता मोटर उचलू नका, कोरडी चालली की वाइंडिंग जळतं. फिल्टरने वाळू पकडता येते हो, पण मोटरचे इम्पेलर वाळूने झिजतात ते फिल्टर लावून थोडेच वाचणार.

आता लोह किती हा प्रश्न. मामांकडे आधीचा एक लॅब रिपोर्ट होता, त्यात ०.६ मिलीग्राम प्रति लिटर. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०१५ च्या दुरुस्तीनंतर लोहाची मर्यादा १.० आहे, म्हणजे कागदावर पाणी पास! पण डाग साधारण ०.३ च्या वर गेलं की पडायला लागतात आणि मामांच्या न्हाणीची अवस्था ०.६ वाली वाटत नव्हती. विचारलं सॅम्पल कसं नेलं, तर बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत भरून दोन दिवसांनी नेलेलं. दोन दिवसांत लोह गंजून बाटलीच्या भिंतीला आणि तळाला चिकटलं, लॅबने वरचं पाणी तपासलं. लोहाचं सॅम्पल जागेवरच थोडं नायट्रिक ॲसिड टाकून घ्यायचं असतं म्हणजे लोह विरघळलेलंच राहतं. लॅबकडे मागितलं तर ॲसिड घातलेली बाटली देतात, फक्त ती विसळायची नाही आणि ओसंडून भरायची नाही. अशी बाटली भरून नेली तर रिपोर्ट आला ४.१, सातपट. पीएच ६.३.

हा पीएच महत्त्वाचा आहे. लोह गंजायचा वेग पीएचवर भयंकर अवलंबून असतो, पीएच एक अंकाने वाढला की वेग साधारण शंभर पट होतो. ६.३ ला काम रडतखडत चालतं, ७ च्या आसपास पटापट. चांगली गोष्ट ही की अशा पाण्यात बऱ्याचदा जमिनीतला कार्बन डायऑक्साइड कोंबलेला असतो, पाणी हवेत उडवलं की तो निघून जातो आणि पीएच आपोआप चढतो. म्हणून बाटली हलवण्याला अर्थ होता, नुसती उघडी ठेवली असती तर बराच जास्त वेळ लागला असता. विक्रेत्याने टाकलेला काळा मीडिया म्हणजे मँगनीज डायऑक्साइडचा लेप दिलेला प्रकार, तो गंजण्याची क्रिया जोरात करवतो हे खरं, पण त्याला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो आणि पीएचही ६.८ च्या वर लागतो. बोअरमधून बंद पाईपने थेट आलेल्या पाण्यात दोन्ही नाही. नवीन पोती टाकून काय होणार होतं, कप्पाळ.

दुसरी गोची पाण्याच्या वेगाची होती, ही मला जास्त मजेशीर वाटते. बोअरची मोटर वीस लिटरची बादली ३६ सेकंदांत भरत होती, म्हणजे तासाला दोन हजार लिटर. तेरा इंची टाकीचं क्षेत्रफळ साधारण ०.०८५ चौरस मीटर. भागाकार केला तर पाणी मीडियातून तासाला तेवीस मीटर या वेगाने खाली जात होतं. लोह गाळायला हा वेग दहाच्या आसपास पाहिजे, म्हणजे या टाकीला तासाला साडेआठशे-नऊशे लिटर. दुप्पटीहून जास्त वेगाने पळवलं की मऊ तांबडे कण वाळूतून खाली ढकलले जातात. बरं, उलटं धुताना, म्हणजे बॅकवॉशला, वाळू वर उचलून फुगवायची असते, त्याला तासाला पस्तीस मीटरच्या जवळपास वेग लागतो, म्हणजे सुमारे तीन हजार लिटर. आपल्याकडे पाणी कोमट असतं, कोमट पाणी पातळ, त्यामुळे थंड देशातल्या आकड्यांपेक्षा थोडं जास्तच लागतं. म्हणजे तीच मोटर गाळायला फार मोठी आणि धुवायला फार छोटी. महिनाभर बॅकवॉशच्या नावाखाली वाळूच्या वरून नुसतं पाणी फिरत होतं आणि आतला चिखल आतच घट्ट होत होता. टाकी उघडली तेव्हा वाळूत लिंबाएवढे चिखलाचे गोळे निघाले.

आणि टाकी गळ्यापर्यंत भरलेली! जास्त मीडिया म्हणजे जास्त सफाई असा हिशोब. अशा टाकीत वरची तिसरा हिस्सा तरी जागा रिकामी हवी, बॅकवॉशला वाळू फुगून तिथे चढते. जागा नसली की एकतर फुगत नाही किंवा ड्रेनमधून बाहेर पडते. मामांच्या माडाखाली काळे दाणे पडलेले दिसत होतेच, मला वाटलं कोळशाची चूर.

मग नवीन मांडणी. विहिरीच्या कठड्याशेजारी जांभ्या चिऱ्यांचा ओटा होता, त्यावर दीड हजार लिटरची टाकी ठेवली. बोअरची लाईन तिच्या झाकणाच्या चार फूट वर नेली आणि तिथे आडवा सव्वा इंची पाईप, खालच्या बाजूला तीन मिलीमीटरची भोकं पाडलेला, त्यातून पाणी पावसासारखं खाली. मधे भाजीचे तीन प्लास्टिक क्रेट एकावर एक, थोडं अंतर ठेवून, आत संगमरवराचे खडे. खड्यांनी पाणी फुटतं आणि ते चुनखडीचेच असल्याने पीएचलाही थोडा हात लागतो. बाजूने हिरवी शेडनेट गुंडाळली, नाहीतर वाऱ्याने शिंतोडे उडून भिंत तांबडी होते आणि उन्हाने शेवाळ धरतं. खाली टाकीत पीएच ६.९ मिळाला.

इथे मला एक सुचलं ज्याने पुढची बरीच कटकट वाचली. कारखान्यात पाणी सतत चालू असतं म्हणून तिथे इतकी मिनिटं टाकीत राहिलं पाहिजे वगैरे डिझाईन करावं लागतं. घराला काय घाई आहे? संध्याकाळी सातला टाकी भरायची, पाऊण तासात भरते, रात्रभर तशीच सोडायची आणि सकाळी सहाला गाळायची. दहा तास फुकट मिळतात. तेवढ्यात लोह गंजून मोठा भाग तळाला बसतो आणि फिल्टरकडे उरलेलाच जातो. त्यासाठी फिल्टरकडे जाणारा आउटलेट तळापासून आठ इंच वर काढला, आणि अगदी तळाला दीड इंची ड्रेन कॉक, आठवड्यातून एकदा चिखल सोडायला. हिशोब बघा, बाराशे लिटरमधे चार मिलीग्रामने दिवसाला पाच ग्रॅमच्या आसपास लोह, गंजून झालं की सुकं दहा ग्रॅम, चमचाभर. पण ओल्यात तेच बादलीभर तांबडं सरबत दिसतं.

आता पाईपांची रचना, कारण खरी माती इथेच खाल्ली जाते. जुना मल्टिपोर्ट व्हॉल्व काढला, वाळूचे कण अडकून त्याची आतली रबरी गॅस्केट फाटली होती, मोटर चालू असताना दांडा फिरवला की ती हमखास फाटते, आणि फाटली की कच्चं पाणी आतल्या आत कुठे मिसळतंय हे बाहेरून कळत नाही. त्याऐवजी फिल्टरच्या टाकीवर दोन तोंडांचं साधं हेड बसवलं आणि एक इंची बॉल व्हॉल्वची मांडणी केली. एक तोंड वाळूच्या वर उघडतं, त्याला मी वरचं तोंड म्हणतो. दुसरं मधल्या उभ्या पाईपने तळाच्या जाळीपर्यंत जातं, ते खालचं तोंड. दोन्ही तोंडं टाकीच्या डोक्यावरच शेजारी शेजारी असतात त्यामुळे प्लंबर उलटी जोडतात, हेडवरचा बाण बघून घ्या. उलटं जोडलं की पाणी खालून वर जातं आणि वाळू गच्चीवरच्या टाकीत सापडते.

खालच्या टाकीशेजारी एक एचपीचा साधा मोनोब्लॉक पंप. त्याच्या लाईनला टी टाकून दोन फाटे केले. एक फाटा व्हॉल्व नंबर एकमधून वरच्या तोंडाला, दुसरा व्हॉल्व नंबर तीनमधून खालच्या तोंडाला. मग खालच्या तोंडावरून अजून दोन फाटे, नंबर दोनमधून गच्चीवरच्या टाकीकडे आणि नंबर पाचमधून ड्रेनला. आणि वरच्या तोंडावरून एक फाटा नंबर चारमधून ड्रेनला. झालं, पाच व्हॉल्व. गाळताना एक आणि दोन उघडे, पाणी वरून शिरतं, वाळूतून खाली येतं, गच्चीवर जातं. बॅकवॉशला तीन आणि चार, पाणी खालून शिरून वाळू उचलतं आणि घाण वरून ड्रेनला. मग विसळायला एक आणि पाच, पाणी परत वरून खाली पण पहिलं गढूळ पाणी गच्चीवर न जाता ड्रेनला. प्रत्येक वेळी दोनच उघडे, बाकी बंद. मामींनी व्हॉल्ववर नंबर रंगवून भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय, १-२, ३-४, १-५, टेलिफोन नंबरसारखं. व्हॉल्व फिरवताना मोटर बंद, हा नियम.

या मांडणीतल्या तीन गोष्टी सांगतो ज्या नसत्या तर परत तेच रडगाणं झालं असतं.

पहिली, वेग बांधणं. एक एचपीचा पंप बॅकवॉशला लागतो म्हणून घेतला, पण गाळताना तो पुन्हा फार जोरात पळवणार. म्हणून नंबर दोनच्या पुढे, गच्चीच्या लाईनवर, एक वेगळा गेट व्हॉल्व टाकला आणि बादली-घड्याळ घेऊन तो आवळत गेलो, वीस लिटरला ऐंशी सेकंद लागायला लागले तिथे थांबलो, म्हणजे तासाला नऊशे. त्याचं चाक काढून खिळ्याला टांगलं, कोणी "पाणी कमी येतंय" म्हणून उघडू नये. बॅकवॉशचं पाणी या वाटेने जातच नाही, त्यामुळे ते पूर्ण जोराने मिळतं, ड्रेनला वीस लिटरची बादली चोवीस-पंचवीस सेकंदांत. हा मुद्दा समजायला मला स्वतःला अर्धा दिवस लागला, कारण आधी मी गेट व्हॉल्व पंपाच्या तोंडावरच टाकायला निघालो होतो आणि मग बॅकवॉशही मेला असता. शेजारच्या वाडीत एकाने बॅकवॉश गच्चीवरच्या टाकीतून ग्रॅव्हिटीने करायची सोय केलीय, एक इंची लाईन, चार-पाच एल्बो, वाळू हलतसुद्धा नाही.

दुसरी, ड्रेन उघडा आणि डोळ्यासमोर. चार आणि पाचचे पाईप एकाच मोठ्या दोन इंची पाईपमधे वरून सोडलेत, मधे हातभर मोकळी हवा. घाण केव्हा संपली ते दिसतं, वाळू बाहेर पडत असेल तर हाताला लागते, आणि गाळताना चार किंवा पाच गळत असेल तर थेंब दिसतो. ड्रेन जमिनीत गाडून गटाराला जोडला की यातलं काहीच कळत नाही. पाणी जातं माडांच्या आळ्यात, मधे वाळू भरलेला खड्डा आहे तिथे तांबडं अडतं. विहिरीच्या बाजूला मुद्दाम नेलं नाही.

तिसरी, नंबर तीन. हा या मांडणीतला चोर आहे. गाळताना त्याच्या एका बाजूला कच्चं पाणी प्रेशरने आणि दुसऱ्या बाजूला गाळलेलं पाणी. तो किंचित जरी गळला तरी कच्चं पाणी वाळूला वळसा घालून थेट गच्चीवर, आणि ड्रेनमधे एक थेंब दिसत नाही. मग माणूस मीडियाला दोष देतो, पोती बदलतो. म्हणून तीनच्या जागी दोन व्हॉल्व एकामागे एक लावले आणि त्यांच्या मधे अर्धा इंची छोटा नळ. गाळताना दोन्ही बंद आणि मधला नळ उघडा. नळातून थेंब आले तर दोघांपैकी एक गळतोय हे लगेच कळतं आणि ते पाणी जमिनीवर पडतं, गच्चीवर जात नाही. खर्च म्हणाल तर एक व्हॉल्व, एक टी आणि एक नळ जास्त. याच कारणाने बायपास मी गच्चीच्या लाईनला जोडलाच नाही. सगळे प्लंबर विचारतात बायपास कुठाय, फिल्टर बंद पडला तर? बायपासचा व्हॉल्व म्हणजे असाच आणखी एक चोर. कच्च्या पाण्याला खालच्या टाकीवर बागेचा वेगळा नळ आहे, अडलं तर तिथून बादलीने घ्या.

बाकी दोन प्रेशर गेज, एक वाळूच्या आधी एक नंतर, पण गेट व्हॉल्वच्या अलीकडे. धुतल्यावर दोघांत ०.२ किलो दाबाचा फरक असतो, ०.५ झाला की बॅकवॉश, आणि झाला नाही तरी चौथ्या दिवशी करायचाच, कारण लोहाचा चिखल फार दिवस राहिला की दाबून त्याची खरपुडी होते. आठ मिनिटं बॅकवॉशला चारशे लिटर जातात, मग तीन-चार मिनिटं विसळणं, त्या दिवशी गच्चीवरची टाकी पाऊणच भरते. फिल्टरच्या टाकीच्या डोक्यावर एक छोटा कॉकही हवा, हवा खाल्लेलं पाणी आत थोडी हवा सोडतं, ती वर साठून वाट अडवते, सकाळी एकदा फुस्स करून काढायची. मीडिया धुऊन परत भरला, तळाला खडी, वर वाळू, आणि वरची अठरा इंच जागा मोकळी. काळा मीडिया परत टाकला नाही, गरजच वाटली नाही.

पहिल्या आठवड्यात घरच्या टेस्ट किटवर गच्चीचं पाणी ०.२ ते ०.३ दाखवत होतं. जुलैत मामांचा फोन आला, ०.८ झालंय. मला पहिला संशय नंबर तीनवर, पण मधला नळ कोरडा. मग मामांना बाटली हलवायला सांगितली, खालच्या टाकीतलं सकाळचं पाणी घेऊन. हलवल्यावर ते अजून पिवळं झालं, म्हणजे रात्रभरात लोह पूर्ण गंजलंच नव्हतं. वर जाऊन बघितलं तर आडव्या पाईपची निम्मी भोकं तपकिरी बुळबुळीने बंद, पाणी पाऊस न होता एका बाजूने धार होऊन पडत होतं. बॅक्टेरियाच. भोकं दाभणाने मोकळी केली, क्रेट आणि खडे ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून घासले, दोन दिवसांत परत ०.३ वर. आता हे दर महिन्याचं काम आहे आणि पावसात पंधरा दिवसांचं. ते बुळबुळीत बोअरमधेही आहे, तिथे क्लोरीन सोडून मुरवायचं पावसाळ्यानंतर ठरवलंय.

ही मांडणी सगळीकडे चालेल असं मात्र नाही. न्हाणीत तांबड्याऐवजी काळे डाग पडत असतील तर ते मँगनीज, ते या पीएचला नुसत्या हवेने रात्रभरातही बाहेर येत नाही, त्याला क्लोरीन किंवा परमँगनेट आणि तो काळा मीडिया खरंच लागतो. आणि पाणी चहासारखं असून आठवडाभर ठेवलं तरी तळाला काही बसत नसेल तर लोह कुजलेल्या पानापाचोळ्याच्या अंशाला चिकटलेलं असतं, तिथे हवा आणि वाळू दोन्ही हात टेकतात. म्हणून आधी बाटली, मग पाईप. शिवाय लोह गेलं म्हणजे जंतू गेले असं नाही, उघड्या टाकीत रात्रभर ठेवलेलं पाणी आहे ते, पिण्याचं मामी उकळूनच घेतात. क्लोरीन घालायचं तर फिल्टरनंतर घाला, आधी घातलं तर लोहच बरंचसं खाऊन टाकतं.

परवा मामांनी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला, मधला नळ टपटपतोय, मिनिटाला नऊ थेंब मोजले म्हणाले. किटवर गच्चीचं पाणी अजून ०.३ च आहे. दोघांपैकी कुठला व्हॉल्व गळतोय ते बघायला पंप थांबवून नंबर एक आणि नंबर दोन बंद करायला सांगितलं, दोन्ही तीन बंदच, नंबर पाच उघडायचा, म्हणजे खालच्या तोंडाचं प्रेशर जातं, आणि मग मिनिटभरच पंप चालू करायचा. तरीही थेंब तसेच पडत राहिले, म्हणजे पंपाकडचा. युनियन लावलेलं आहे, दहा मिनिटांचं काम, पण वेंगुर्ल्यात तो व्हॉल्व मिळाला नाही म्हणून कुडाळहून मागवलाय, तोवर नळाखाली तांब्या ठेवलाय.